एकाच फोटोत चार विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका, नाव-रोल नंबर दिसतायत. तपासण्याआधी काय करावं?

तिसरा_बाक: सहकाऱ्याने टेबलावर चार उत्तरपत्रिका शेजारी शेजारी मांडून एकच फोटो पाठवलाय. प्रत्येकीच्या वरच्या पट्टीत नाव आणि रोल नंबर स्पष्ट वाचता येतो. तपासणार दोघंजण: मी आणि आणखी एक मॅडम. त्यांना नावं न कळता पेपर द्यायचेत. फोटोचं काय करू?

निळी_शाई: सोपं आहे. फोनच्या गॅलरीत एडिट उघडा, काळ्या मार्करने नावावर दोन-तीन रेघा ओढा आणि पाठवा. मिनिटाचं काम.

गठ्ठा_क्र_९: काळं करायचं हे बरोबर, पण मार्करने नको. बऱ्याच फोनमधला मार्कर किंवा हायलायटर थोडा पारदर्शक असतो. डोळ्याला काळं दिसतं, पण ब्राइटनेस पूर्ण वाढवला की खालची अक्षरं वर येतात. भरीव चौकोन वापरा आणि मग स्वतः ब्राइटनेस वाढवून बघा. ब्लरही नको. रोल नंबर दोन-तीन अंकी असतो, वर्गाची यादी हातात असली की धूसर आकारावरूनही अंदाज बांधता येतो. पीडीएफवर नुसता चौकोन ठेवलात तर तो बाजूला सरकवता येतो, खाली नाव तसंच असतं.

पण त्याआधीचं काम महत्त्वाचं आहे. नाव झाकायच्या आधी कुठलं पान कोणाचं हे पक्कं करा. पुरवणी असेल तर तिला मुख्य पेपरशी जोडणारा धागा म्हणजे तो रोल नंबरच. तो आधी झाकलात आणि पुरवणी चुकीच्या गठ्ठ्यात गेली, तर नंतर अक्षरावरून ओळखत बसावं लागतं.

तुमच्या चार पेपरांचा क्रम असा ठेवा. मूळ फोटो उघडून चारही नावं वेगळ्या कागदावर लिहा आणि प्रत्येकाला एक सांकेतिक क्रमांक द्या: म७, म२, म९, म४. डावीकडून १, २, ३, ४ देऊ नका, कारण मांडणी माहीत असलेल्याला लगेच ताळा लागतो. मग प्रत्येक पेपर वेगळा कापा, नावाची पट्टी काळी करा आणि फाईलला तोच क्रमांक द्या. कापताना कडेला शेजारच्या पेपरची पट्टी राहते का बघा. तिथेच अर्धा रोल नंबर डोकावतो.

तिसरा_बाक: कापलेला फोटो मॅडमना पाठवला, तर मूळ चित्र त्यात लपून राहतं का?

गठ्ठा_क्र_९: राहू शकतं. काही फोनमध्ये 'रिव्हर्ट' केलं की कापलेला भाग परत येतो, म्हणजे मूळ त्याच फोनमध्ये जपलेलं असतं. फाईलमधली लघुप्रतिमाही कधी कधी जुनीच राहते. २०२३ मध्ये पिक्सेल फोनच्या स्क्रीनशॉट कापण्यातली चूक उघड झाली होती. कापलेला भाग फाईलच्या शेपटात उरत होता. म्हणून नवी फाईल बनवा. संगणकावर इमेजमॅजिक असेल तर:

```
magick mul.jpg -auto-orient -crop 1900x1400+40+60 +repage -rotate 90 -fill black -draw "rectangle 0,0 1400,200" -strip M7.jpg
```

हे आडव्या मांडलेल्या, डावीकडे नाव असलेल्या पानासाठी. आकडे तुमच्या फोटोप्रमाणे बदला. `-strip` ने जागा-वेळेची माहितीही जाते. `-auto-orient` विसरलात तर पान उलटंसुलटं होतं आणि काळी पट्टी उत्तरावर बसते.

पुनर्तपासणी: माझ्याकडे तीस पेपरांचे फोटो आहेत. गुणांची बेरीज आपोआप करायची सोय आहे का?

गठ्ठा_क्र_९: तो वेगळा विषय आहे, वेगळा धागा काढा.

पाठकोरा: एक राहिलं. फोटो वाचण्याजोगा आहे का? ४००० बाय ३००० पिक्सेलच्या फोटोत चार पानं बसवली की पानाच्या लांब बाजूला फार तर १९०० पिक्सेल येतात, म्हणजे इंचाला साधारण १६०. पेनाला ठीक, पेन्सिलीच्या आकृतीला अपुरं. तोही मेसेजिंग ॲपवर फोटो म्हणून आला असेल तर आणखी आकसलेला; सहकाऱ्याकडून डॉक्युमेंट म्हणून मागवा. शेवटची ओळ शेजारच्या पेपराखाली गेली असेल तर तपासू नका, एकेक पान स्वतंत्र काढायला सांगा. आणि पत्रलेखनाचा प्रश्न असेल तर 'आपला विश्वासू'च्या खाली मुलं स्वतःचं नाव लिहितात. ते काळं केलं नाहीत तर वरची पट्टी झाकून फायदा नाही.

निळी_शाई: पण पत्राला मायन्याचे आणि शेवटाचे गुण असतात. काळं केलं तर ते कसे द्यायचे?

पाठकोरा: फक्त नाव झाका, 'आपला विश्वासू' राहू द्या. नाव लिहिलं होतं एवढंच यादीवाल्याने मॅडमना कळवायचं.

तिसरा_बाक: मूळ फोटो मग उडवू का?

गठ्ठा_क्र_९: कागद हातात असतील तर ताळा झाल्यावर उडवा, सहकाऱ्यालाही उडवायला सांगा. कागद परत गेले असतील तर पुनर्तपासणीची मुदत संपेपर्यंत ठेवा, पण कोडची यादी असलेल्या फोल्डरमध्ये नको.

पाठकोरा: माझ्या मते कागद असोत-नसोत, गुण जाहीर होईपर्यंत ठेवावाच. काळ्या पट्टीखाली उत्तराची ओळ गेली होती का, हे मूळ फोटोशिवाय झटकन कळत नाही.

निळी_शाई: आणि अक्षर? मॅडम याच वर्गाला शिकवतात ना? मग कशीही पट्टी लावा, अक्षर ओळखू येणारच.

तिसरा_बाक: हो, शिकवतात.