मदत हवी आहे: शेअरच्या शीटमध्ये तोट्याची ओळ लाल होत नाही, भावही मागे राहतोय

विश्रामबागकर
नमस्कार. वडिलांच्या डीमॅटमधल्या शेअर्ससाठी शीट बनवली आहे. भाव आपोआप यावा आणि 8 टक्क्यांच्या वर तोटा गेला की ती ओळ लाल व्हावी, एवढंच पाहिजे. पण ज्या ओळी लाल व्हायला पाहिजेत त्या होत नाहीत, आणि भलत्याच कप्प्यांना रंग येतोय. भावही जुनाच दिसतो. सगळं उलटसुलट करून बघितलं. वडील रोज विचारतात, सोमवारी बाजार उघडायच्या आत नीट करायचं आहे. कुणाला माहीत असेल तर लगेच सांगा.

हरिपूरचा बंडू
दादा, शीट कशाला? ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये जीटीटी लावा. भाव खाली आला की विक्रीची ऑर्डर आपोआप जाते. मी सगळ्या शेअर्सना लावून ठेवलंय, बघायलाच लागत नाही.

आकडेमोड
एक्सेल की गूगल शीट? सूत्र काय लिहिलंय? 8 कुठं लिहिलंय आणि कसं लिहिलंय? भलते कप्पे म्हणजे नेमके कुठले? हे कळल्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही.

विश्रामबागकर
बंडूदादा, वडिलांना विकायचं नाहीये, फक्त कळायला पाहिजे. विकायचं की ठेवायचं ते ते ठरवतात.
आकडेमोड, गूगल शीट. A मध्ये चिन्ह, B नग, C खरेदी भाव, D आजचा भाव, E टक्के, F रुपयांत नफातोटा. H1 मध्ये 8. लाल होतोय तो नगाचा कॉलम, म्हणजे B. तोही सगळ्या ओळींत नाही.

```
D2: =IFERROR(GOOGLEFINANCE(A2,"price"),0)
E2: =(D2-C2)/C2
F2: =(D2-C2)*B2
रंगाचा नियम (A2:F20): =E2<-$H$1
```

तासगावची मनीषा
एक्सेल घ्या ना. त्यात Data मध्ये Stocks म्हणून येतं, नाव टाकलं की भाव हजर. आमच्या ऑफिसात तेच वापरतो.

आकडेमोड
मनीषाताई, ते फक्त मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये मिळतं. घरच्या जुन्या एक्सेलमध्ये ते बटणच नसतं, आणि तिथलाही भाव सेकंदासेकंदाचा नसतो. यांची शीट तयार आहे, तीच दुरुस्त होईल.

विश्रामबागकर, B लाल होतोय हे सांगितलंत म्हणून सापडलं. नियम A2 पासून F20 पर्यंत लावलाय आणि E च्या आधी डॉलर नाही. त्यामुळं A2 हा कप्पा E2 बघतो, पण एक घर उजवीकडचा B2 बघतो F2. F मध्ये रुपये आहेत. तिथं उणे 1200 असेल तर ते उणे 8 पेक्षा लहानच, म्हणून नगाचा कप्पा लाल. कुठल्याही शेअरमध्ये आठ रुपयांच्या वर तोटा असला की त्याचा नग लाल होणार.

आणि A का होत नाही? E मधली टक्केवारी आतून अपूर्णांक असते. 12 टक्के तोटा म्हणजे उणे 0.12. तुमच्या H1 मध्ये नुसता 8 आहे, म्हणजे शीटच्या हिशेबानं 800 टक्के. तेवढा तोटा कशालाच होऊ शकत नाही. H1 मध्ये `8%` असं चिन्हासकट लिहा आणि नियम असा करा:

```
=$E2<-$H$1
```

डॉलर E च्या आधी हवा, 2 च्या आधी नको. 2 ला लावलात तर सगळ्या ओळी पहिल्याच शेअरवरून रंगतील.

मिरज जंक्शन
एक भर घालतो. मर्यादेचा आकडा याच पानावर असू द्या. मी तो दुसऱ्या पानावर ठेवला होता, रंगाच्या नियमात दुसऱ्या पानाचा कप्पा थेट देता येत नाही, `INDIRECT` मध्ये गुंडाळावा लागतो.

विश्रामबागकर
जमलं! पूर्ण ओळ लाल होतेय. पण आता दोन ओळी चुकीच्या लाल आहेत. झोमॅटो उणे 100 टक्के दाखवतोय. एचडीएफसी बँक उणे 41 च्या आसपास, आणि वडील म्हणतात की तिच्यात फायदा आहे. आणि भाव मागे राहण्याचं काय? शुक्रवारी दुपारी ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये एक भाव, शीटमध्ये दुसराच.

कुपवाड एमआयडीसी
भावाचं सोपं आहे. `File > Settings > Calculation` मध्ये जा, `On change and every minute` निवडा. दर मिनिटाला ताजा भाव.

आकडेमोड
ती सेटिंग खरी आहे, पण ती `NOW`, `TODAY`, `RAND` असल्या सूत्रांसाठी. `GOOGLEFINANCE` चा भाव गूगलकडूनच 20 मिनिटांपर्यंत उशिरा येऊ शकतो. सूत्र कितीदाही मोजलं तरी आतला आकडा तोच राहणार.

कुपवाड एमआयडीसी
माझ्याकडे तर बदलताना दिसतो.

आकडेमोड
बदलतो, नाही असं नाही. कधीचा भाव आहे हा प्रश्न आहे. शेजारी एक कॉलम घ्या, `=GOOGLEFINANCE(A2,"tradetime")` लिहा आणि त्याला तारीख-वेळेचा फॉरमॅट द्या, नाहीतर पंचेचाळीस-सेहेचाळीस हजारांतला कसलातरी आकडा दिसेल. बाजार चालू असताना ती वेळ आणि घड्याळ जोडून बघा, किती मागे आहे ते कळेल.

हळद आडत
`IMPORTXML` नं थेट वेबसाइटवरून ओढा, गूगलची भानगडच नको. बाकी, मार्केट यार्डातल्या लोकांसाठी विचारतो, हळदीच्या वायद्याचा भाव असा शीटमध्ये येतो का? आमची सगळी खरेदी त्यावर ठरते.

आकडेमोड
आडतसाहेब, `IMPORTXML` तासाला एकदा ताजं होतं, म्हणजे आणखीच मागे. शिवाय साइटनं पानाची रचना बदलली की सूत्र रिकामं. हळदीचा वायदा एनसीडीईएक्सवर आहे आणि `GOOGLEFINANCE` तो देत नाही.

हळद आडत
मग काय करायचं, रोज हातानं लिहायचं?

मिरज जंक्शन
आडतसाहेब, त्याचा वेगळा धागा काढा, इथं हरवून जाईल. मलाही त्यात रस आहे.

विश्रामबागकर, झोमॅटोचं मी सांगतो. कंपनीचं नाव इटर्नल झालं आणि एनएसईवरचं चिन्ह 2025 च्या एप्रिलमध्ये बदललं. A मध्ये `NSE:ETERNAL` लिहा. जुन्या चिन्हाला भाव मिळाला नाही, तुमच्या `IFERROR` नं तिथं शून्य घातला, आणि शून्य भाव म्हणजे सगळी रक्कम बुडाली असं शीटनं धरलं.

आकडेमोड
बरोबर. आणि हा शून्य नुसतं चिन्ह बदलून जाणार नाही. उद्या गूगलकडून तासभर भाव आला नाही तरी निम्मी शीट लाल होईल आणि तुमचे वडील घाबरतील. भाव नसला तर कप्पा रिकामा ठेवा:

```
D2: =IFERROR(GOOGLEFINANCE(A2,"price"),"")
E2: =IF(D2="","",D2/C2-1)
F2: =IF(D2="","",(D2-C2)*B2)
```

मग दुसरा नियम पिवळ्या रंगाचा करा, `=AND($A2<>"",$D2="")`. लाल म्हणजे तोटा, पिवळा म्हणजे भावच आला नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एका रंगात कधीच घालू नका.

एचडीएफसी बँक किती नग आहेत आणि कधी घेतलेत?

विश्रामबागकर
20 नग, 1,650 नं. 2024 च्या शेवटी.

आकडेमोड
मग डीमॅटमध्ये बघा, आता 40 दिसतील. 2025 च्या ऑगस्टमध्ये एकास एक बोनस झाला, रेकॉर्ड डेट 27 ऑगस्ट. त्यामुळं भाव साधारण निम्मा झाला, पण तुमच्या शीटमध्ये खरेदी भाव आणि नग जुनेच आहेत. समजा भाव 960 आहे. 1,650 शी तुलना केली की उणे 41.8 टक्के. खरं बघायला गेलं तर घातले 33,000, आणि 40 गुणिले 960 म्हणजे आज 38,400. म्हणजे 16.4 टक्के फायदा.

कुपवाड एमआयडीसी
सरळ C मध्ये 825 करा, B मध्ये 40. झालं.

सीए होऊ घातलेली
नाही हो, खरेदी भाव असा पुसू नका! कराच्या हिशेबात मूळ 20 शेअरचा खर्च 1,650 च राहतो आणि बोनसच्या 20 चा शून्य धरतात. विकताना आधी घेतलेले आधी गेले असं मोजतात. काका उद्या 20 विकतील आणि तुम्ही शीट बघून 825 चा खर्च सांगाल, सगळं चुकेल.

कुपवाड एमआयडीसी
ताई, ही शीट रंगासाठी आहे, रिटर्न भरायला नाही.

सीए होऊ घातलेली
आज रंगासाठी आहे. मार्चमध्ये हीच शीट आमच्याकडे पाठवतात लोक.

आकडेमोड
दोघांचंही बरोबर आहे, म्हणून मी खरेदी भावाचा कॉलम मोजणीतच घेत नाही. C मध्ये भावाऐवजी घातलेली एकूण रक्कम लिहा, इथं 33,000. E चं सूत्र `=IF(D2="","",B2*D2/C2-1)` करा आणि F चं `=IF(D2="","",B2*D2-C2)`. बोनस आला किंवा शेअरचे तुकडे झाले की फक्त B मधले नग बदलायचे, रक्कम तीच. कुठल्या तारखेला किती भावानं घेतले ते दुसऱ्या पानावर जसंच्या तसं ठेवा, ते ताईंना द्यायला. आणि एखादी ओळ एका दिवसात अचानक 40-50 टक्के खाली दिसली, पण ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये त्या दिवसाची घसरण तेवढी नसली, की आधी नग तपासा.

विश्रामबागकर
केलं. आता तीनच ओळी लाल आहेत आणि तिन्ही वडिलांनी ओळखल्या. फार उपकार झाले. एक राहिलं. शीट बंद असताना फोनवर मेसेज येईल का?

हरिपूरचा बंडू
म्हणून म्हटलं होतं जीटीटी! विकायचं नसेल तर अ‍ॅपमध्ये नुसता प्राइस अलर्ट लावा, मेसेज येतो. प्रत्येक शेअरला वेगळा लावावा लागेल तेवढं.

आकडेमोड
बंडूदादांचा अलर्ट इथं खरंच कामाचा आहे. शीटमधूनच पाहिजे असेल तर अ‍ॅप्स स्क्रिप्ट लिहून ठरावीक वेळेला ईमेल पाठवता येतो. पण भावच उशिरा येतोय, तेव्हा तो इशाराही उशिराच येणार. दिवसअखेरीला साडेतीननंतर एकदा पाठवला तर चालण्यासारखं आहे.

तासगावची मनीषा
मला एक सांगा, एकूण रकमेची युक्ती आयटीसीला कशी लागू होईल? हॉटेलं वेगळी झाली तेव्हा माझे आयटीसीचे नग तेवढेच राहिले, भाव मात्र खाली आला, आणि आयटीसी हॉटेल्सचे थोडे शेअर वेगळे मिळाले.

सीए होऊ घातलेली
तिथं नग बदलून भागत नाही. मूळ रक्कम दोन कंपन्यांत वाटायची, आणि कशी वाटायची त्याचं प्रमाण कंपनी जाहीर करते. हॉटेल्सची वेगळी ओळ करा.

तासगावची मनीषा
आणि मी आयटीसी चार वेळा वेगवेगळ्या भावानं घेतलाय. प्रत्येक खरेदीला तेच प्रमाण लावायचं की एकूण रकमेला लावलं तरी चालेल?

आकडेमोड
रंगापुरतं एकूण रकमेला लावा, आकडा तोच येतो. कराचं ताईंनी सांगावं.