मदत हवी आहे: चालायला लागल्यापासून रेस्टिंग पल्स वाढलाय, कमी व्हायला पाहिजे होता ना?

लक्ष्मीपुरीकर
मंडळी, जरा लवकर सांगा. दोन महिने झाले रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारतोय, एक दिवस चुकवलेला नाही. सगळे म्हणतात चाललं की रेस्टिंग पल्स कमी येतो, माझं उलटंच चाललंय. आधी ६४, ६८, ६८, ६४, ७२, ६८ असा यायचा. गेले दहा-बारा दिवस ८०, ८४, ७६, ८०, ८४. वहीत तारखेसकट लिहून ठेवलंय. वय ४६, त्रास काही नाही, गोळी कुठली चालू नाही. चालणं बंद करू का? बायको म्हणते आधी तपासून घ्या, मी म्हटलं इथं विचारून बघतो. दुकान उघडायचंय, वाट बघतोय.

घड्याळवाला सम्या
कुठलं घड्याळ आहे? मॉडेल सांगा. स्वस्तातली असतील तर आकडे काहीही दाखवतात.

लक्ष्मीपुरीकर
घड्याळ नाही ओ. बोटानं मोजतो.

एक्स्ट्रा कट
फेरी झाली की मिसळ हाणताय काय? जेवल्यावर पल्स वाढतोच, माझं तेच होतं, रविवारी कट जास्त घेतला की अर्धा तास छातीत धडधड.

लक्ष्मीपुरीकर
फेरीच्या आधी मोजतो भावा, उपाशीपोटी. मिसळीचा धागा वेगळा काढा.

लाल माती
ओव्हरट्रेनिंग आहे हे, दुसरं काही नाही. आमच्या तालमीत नवीन पोरं पहिल्याच महिन्यात जोर-बैठका वाढवतात आणि सकाळचा पल्स चढतो. चार दिवस आराम करा, रोज थंडाई प्या, खाली येतोय बघा.

लक्ष्मीपुरीकर
एक फेरी चालतो फक्त, कुस्ती नाही खेळत. ते पण रमतगमत.

सिस्टरबाई
मी रिटायर्ड नर्स, वॉर्डात एकतीस वर्षं काढली. दोन गोष्टी सांगा. पहिली, तुमचे सगळे आकडे चारानं भागले जातात, एक पण विषम नाही. म्हणजे पंधरा सेकंद मोजून चारानं गुणताय, बरोबर? दुसरी, मोजताना तुम्ही आडवे असता, बसलेले की उभे?

लक्ष्मीपुरीकर
हो, पंधरा सेकंद. वेळ कुणाला आहे. आणि कुठं म्हणजे घरातच मोजतो, काही करत नसतो त्यावेळी, रेस्टिंगच आहे.

सिस्टरबाई
आडवे, बसलेले की उभे?

लक्ष्मीपुरीकर
आधी अंथरुणातच मोजायचो. आता दूधवाला लवकर येतोय, त्यामुळं दूध तापवायचं काम माझ्याकडं आलंय. गॅसजवळ उभाच असतो, हललं की उतू जातं, मग तेवढ्यात मानेला बोट लावून मोजून घेतो. पण त्यानं काय फरक पडतोय, आराम तो आराम.

सिस्टरबाई
तिथंच पडतोय फरक. तुमची वही एक नाही, दोन आहेत. आधी आडवं, आता उभं.

आडवं असताना छाती आणि पाय एका पातळीत असतात, रक्ताला वर चढायचं नसतं. उभं राहिलात की साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाच्या आणि पायांच्या शिरांमध्ये उतरून थांबतं. तेवढं हृदयाकडं कमी परत येतं, म्हणून एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्तही कमी होतं. तुम्ही लक्ष्मीपुरीच्या बाजारातले म्हणून तुमच्या भाषेत सांगते, हमालानं एका खेपेला पोती कमी उचलली तर माल तेवढाच पोचवायला खेपा वाढतात. मानेतल्या मोठ्या धमनीत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीत दाब ओळखणारी जागा असते, तिला दाब घसरतोय हे कळलं की मेंदू हृदयावरचा ब्रेक सैल करतो. हे एक-दोन सेकंदांतच सुरू होतं. बसलात की रक्त उतरतं पण कमी, म्हणून बसलेला आकडा दोन्हीच्या मधे येतो.

आणि मानेला बोट लावू नका. ती दाब ओळखणारी जागा तिथंच आहे, जोरात दाबलं तर ठोके उलटे मंदावतात, एखाद्याला चक्कर पण येते. मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखाली दोन बोटं ठेवा.

लाल माती
बाई, रक्ताचं असेल पण खरं कारण पायांचं. उभं राहायला मांड्या-पोटऱ्या काम करतात, काम म्हटलं की पल्स वाढणारच. यात एवढं काय.

सिस्टरबाई
थोडं खरं आहे, पण मोठा वाटा पायांचा नाही. दवाखान्यात टेबलाला पट्ट्यांनी बांधून पेशंटला टेबलासकट उभं करतात, पायांना जवळजवळ काही काम नसतं, तरी पल्स वाढतो. उलट पोटऱ्या हलल्या तर रक्त वर ढकललं जातं. परेडला ताठ उभं राहिलेलं पोरगं धाडकन पडतं ते पोटऱ्या हलत नाहीत म्हणून.

लाल माती
परेडचं बरोबर आहे, एनसीसीत बघितलंय. तरी पण पाय.

जुना ग्राहक
 मोजायच्या आधी पाच मिनिटं पाठ टेकून बसावं, हात टेबलावर छातीच्या उंचीला. आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय.

घड्याळवाला सम्या
काका ते बीपीचं झालं.

जुना ग्राहक
मशीन दोन्ही दाखवतं.

सिस्टरबाई
लक्ष्मीपुरीकर, उद्या एवढं करा. उठल्या उठल्या लघवीला जाऊन या, परत पाच मिनिटं आडवे पडा, पूर्ण एक मिनिट मोजा. मग बसून दोन मिनिटं गप्प राहा आणि परत एक मिनिट मोजा. मग उभे राहा, पहिली तीस सेकंदं मोजा, दोन मिनिटं झाल्यावर परत पूर्ण मिनिट मोजा. चहा त्यानंतर, बोलायचं नाही, फोन बघायचा नाही. मिनिट पूर्ण घ्या, पंधरा सेकंदात एक ठोका इकडंतिकडं झाला तर तुमच्या हिशोबात चाराचा फरक पडतो.

राजारामपुरीची पोरगी
मी पण विचारतो, माझ्या मावशीचा बसून ७४ असतो आणि उभी राहिली की ११२, दहा मिनिटं झाली तरी खाली येत नाही, डोळ्यापुढं अंधार येतो म्हणते. ती म्हणते ॲनिमिया आहे. हे पण पोश्चरमुळंच ना?

सिस्टरबाई
हे नॉर्मलमध्ये धरू नका. उभं राहिल्यावर साधारण दहा-पंधरा, फार तर वीस वाढणं नेहमीचं. मोठ्या माणसाचा आडव्यापेक्षा तीस किंवा जास्त वाढून दहा मिनिटं तसाच राहिला आणि चक्कर असेल तर डॉक्टरांना दाखवायचंच. तुम्ही बसल्यापासून मोजलाय, आडवं मोजलं तर फरक अजून मोठा निघेल. रक्त कमी असणं, पाणी कमी पिणं, एखादी गोळी, काहीही असू शकतं. आडवं आणि उभं दोन्ही वेळेला बीपी पण बघायला सांगा. घरी अंदाज करत बसू नका.

एक्स्ट्रा कट
"मी पण विचारतो" 😄 पुण्याचे लोक गोंधळणार आता.

राजारामपुरीची पोरगी
गोंधळू देत. मावशीची अपॉइंटमेंट घेतो.

घड्याळवाला सम्या
एवढी कटकट कशाला, घड्याळ घालून झोपा, रात्रभर तेच मोजतंय. माझा ५४ येतो.

सिस्टरबाई
तो झोपेतला आकडा. चांगला आहे, पण तो झोपेतल्या आकड्याशीच जुळवायचा. घड्याळाचा ५४ आणि गॅसजवळचा ८० एका ओळीत लिहिले की परत हाच धागा निघणार.

लक्ष्मीपुरीकर
केलं. आडवं ६५. बसून ७०. उभं राहिल्यावर पहिल्या तीस सेकंदात ४४ म्हणजे ८८!! दोन मिनिटांनी ७९. ८८ बघून घाबरलो होतो, मग ७९ आला. म्हणजे अंथरुणात मी आधीसारखाच आहे, जरा कमीच. पण दोन महिने चालून एवढंच? आणि एक विचारायचंय, मधल्या दहा-बारा दिवसांच्या आकड्यांतून सरळ १४ वजा करून लिहू का? वही बिघडलीय.

सिस्टरबाई
ते ८८ उभं राहतानाचं उसळणं आहे. पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत वर जातो आणि मग बसतो, त्यामुळं उभं राहिल्या राहिल्या मोजलेला आकडा कुणाचाच खरा धरू नका.

१४ वजा करू नका. हा फरक रोज सारखा नसतो. रात्री पाणी कमी प्यालं, उकाडा असला, झोप मोडली की तो वाढतो, आणि तुम्ही पेटत्या गॅसजवळ उभे असता. त्या दिवसांपुढं 'उभं' लिहा आणि सोडून द्या. आणि दोन महिन्यांत दोन-तीन ठोके कमी आले तरी ठीक, पण तुमच्या आधीच्या आकड्यांत चाराची चूक आहे, त्यामुळं तेवढी सुधारणा झाली की नाही हे त्यातून कळणारच नाही.

लक्ष्मीपुरीकर
मग रोज कुठला धरू, एकच सांगा.

सिस्टरबाई
आडवं, उठायच्या आधी. गजर वाजल्यावर लगेच नाही, दचकून उठलेला ठोका जरा जास्त असतो, दोन-तीन मिनिटं पडून राहा. लघवी तुंबलेली असेल तर जाऊन येऊन परत पाच मिनिटं पडा. मात्र जे ठरवाल ते रोज तसंच.

जुना ग्राहक
मी असहमत. डॉक्टरकडं आपण बसूनच असतो, तिथला आकडा बसूनच घेतात, मग घरी पण बसून मोजलेला बरा, दाखवायला जुळतो. सकाळी आडवं पडून मोजताना मला परत झोप लागते.

सिस्टरबाई
हे पण चुकीचं नाही. अंथरुणातून लगेच उठावं लागणाऱ्याला बसून, पाच मिनिटं थांबून, हेच जमतं. मी पेशंटला आडवं सांगायचे कारण रोज सारखं राहतं, बसण्यात कुणी खुर्चीत बसतं, कुणी पाटावर पाय मुडपून, कुणी कॉटवर पाय सोडून, आणि दरवेळी जरा वेगळं येतं.

लाल माती
दोन्ही मोजावेत. आमचे वस्ताद आडवं आणि उभं दोन्ही घ्यायला लावायचे, फरक वाढला की त्यादिवशी मेहनत कमी.

सिस्टरबाई
खेळाडूंसाठी तसं करतात, खरं आहे. रमतगमत चालणाऱ्याला दोन वह्या सांभाळायची गरज मला वाटत नाही.

लाल माती
मला वाटते.

सिस्टरबाई
असू दे. लक्ष्मीपुरीकर, चालणं बंद करू नका. बायको म्हणते तसं एकदा बीपी आणि ईसीजी करून घ्यायला हरकत नाही, या वयात एक नोंद जवळ असलेली बरी, पण या आकड्यांना घाबरून नाही.

लक्ष्मीपुरीकर
पाच दिवस झाले. आडवं, पूर्ण मिनिट, मनगटावर: ६६, ६४, ६७, ६५, ७१. शेवटचा ७१ कशामुळं? आदल्या रात्री लग्नाला गेलेलो, तांबडा-पांढरा जास्त झाला आणि झोपायला साडेबारा. बाकी बरं आहे. फक्त अंथरुणात मोजत होतो तेवढ्यात दूध उतू गेलं.

एक्स्ट्रा कट
किती ठोके आले दूध उतू गेल्यावर?

लक्ष्मीपुरीकर
बायकोचे मोजायला पाहिजे होते.