अनुभव धागा: फॉर्मवरचा कोणता शब्द तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना अडला?

सायली (नाशिक)
काल मावशीला घेऊन पोस्टात गेले होते. शेजारच्या बाकावर एक आजोबा फॉर्मवर बोट ठेवून सगळ्यांना विचारत होते, "उत्तरजीवी म्हणजे कोण हो?" आणि मला एकदम आई आठवली.

आई-बाबांची तीन लाखांची मुदत ठेव होती, पाच वर्षांची, दोघांच्या नावावर. 'खाते चालवण्याची पद्धत' या चौकटीत बाबांनी 'कोणीही एक किंवा उत्तरजीवी' वर खूण केली होती. अर्थ त्यांनी आईला नीट सांगितला होता: दोघांतलं कोणीही व्यवहार करेल, एक गेला तर जो मागे राहील तो. दुसऱ्या वर्षी बाबा गेले. चार महिन्यांनी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, म्हणून ती ठेव मोडायला गेली. काउंटरवर सांगितलं, मुदत संपायच्या आत मोडायची तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतील. दादा तेव्हा मस्कतला होता. आई त्या पावतीवर हात ठेवून म्हणत होती, "अहो, मागे मीच राहिले ना? मग मीच ती." नॉमिनी म्हणून माझं नाव होतं, त्याचाही उपयोग झाला नाही. शेवटी मावशीकडून उसने घेतले.

शब्द कळला होता तरी आम्ही अडकलो. तुमच्याकडे काय अडलं, आणि तुम्ही घरच्यांना कोणत्या शब्दांत समजावलंत, ते लिहा. आजोबांना मी नीट सांगू शकले नाही याची हळहळ वाटते आहे.

कुंदाताई
आमच्या सासूबाईंनी 'हयात' शब्द वाचला आणि म्हणाल्या, दाखला तर मी नोव्हेंबरातच दिला, परत कशाला? पेन्शनचा हयातीचा दाखला हो. त्यांना वाटलं आपण जिवंत आहोत की नाही ते पुन्हा विचारताहेत. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. कुकर लावलाय, नंतर येते.

मिलिंद_पुणे
सायली, नॉमिनी तूच होतीस म्हणजे पैसे तुझेच झाले होते. तू सही करून काढायला हवे होतेस. नॉमिनी म्हणजे मालक.

निवृत्त_कॅशियर
मिलिंद, यातलं अर्धंच बरोबर आहे. बँक पैसे नॉमिनीच्या हातात देते, हे खरं. पण तो ते वारसांच्या वतीने घेतो. सुप्रीम कोर्टानेही २०१० मध्ये बँकेतल्या ठेवीबाबत हेच सांगितलं आहे. शिवाय खातं दोघांचं असेल तर दोघंही गेल्यावरच नॉमिनीची पाळी येते. सायलीच्या आई होत्या, म्हणून तिच्या नावाचा तेव्हा प्रश्नच नव्हता. काउंटरवर मी आजी-आजोबांना सांगायचो, "नॉमिनी म्हणजे निरोप्या. पैसे घेऊन घरी पोचवणारा. वाटणी वेगळी."

आता मूळ गोष्ट. 'कोणीही एक किंवा उत्तरजीवी' हे शब्द मुदत संपल्यावर पैसे कोणाला द्यायचे ते ठरवतात. सायलीच्या आई पाच वर्षं पूर्ण झाल्यावर गेल्या असत्या तर बाबांचा मृत्यूचा दाखला आणि त्यांची एकटीची सही पुरली असती. मुदतीच्या आत मोडायला दोघांची वेगळी लेखी संमती लागते: 'आमच्यातला एक वारला तर मागे राहिलेल्याला मुदतपूर्व रक्कम द्यावी.' फॉर्मवर कुठेतरी खाली बारीक अक्षरात असते, किंवा साधा अर्ज द्यावा लागतो. ती नसेल तर बँक वारसांच्या सह्या मागते. तुमच्या बाबांनी चूक केली नव्हती, त्यांना ती ओळ कोणी दाखवली नव्हती.

सायली (नाशिक)
आज पहिल्यांदा मला कोणीतरी हे सांगितलं. सहा वर्षं मनात होतं की बाबांचंच काही राहिलं. 🙏

वैशाली जळगाव
सायली, वाचून घशात आलं. माझ्या आईला 'अज्ञान' शब्द टोचला होता. नातवाच्या खात्याच्या फॉर्मवर 'खातेदार अज्ञान असल्यास' असं छापलेलं. आई म्हणाली, माझा नातू पहिला नंबर काढतो, अज्ञान कसला! अठराच्या आतला एवढाच अर्थ हे पटवायला सातबारा काढून दाखवावा लागला. त्यावर अ.पा.क. लिहिलेलं असतं ना, अज्ञान पालक कर्ता, ते तिला माहीत होतं.

दत्ता_शेतकरी
अ.पा.क. वरून आठवलं, आमच्या चुलत्याचं नाव अजून तसंच आहे सातबाऱ्यावर, वय वर्षं ५२. तलाठ्याकडे दोनदा जाऊन आलो. कोणाला माहिती आहे का कसं काढायचं?

वैशाली जळगाव
दत्ताभाऊ, व्यनि करते.

बेळगावकर
आमच्याकडे फॉर्म कन्नड, हिंदी, इंग्रजी. आईला फक्त मराठी येतं. मी तिला कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देतो: 'जमा करायची पावती', 'पैसे काढायची पावती', 'अक्षरी रुपये'. ती तो कागद पासबुकात ठेवते आणि चौकटी मोजून भरते. तिसरी चौकट अक्षरी, चौथी आकडा. मागच्या महिन्यात छपाई बदलली आणि सगळं एक घर सरकलं.

अनघा (पोस्टवाली)
पोस्टात हीच गोष्ट 'जॉइंट ए' आणि 'जॉइंट बी' नावाने येते. ए म्हणजे पैसे काढायला सगळ्यांच्या सह्या. बी म्हणजे कोणाही एकाची चालते. अक्षरांवरून काही कळत नाही, म्हणून मी आजोबांना विचारते, "आजी एकट्या आल्या तर पैसे द्यायचे का?" हो म्हणाले की बी. एकदा एका काकांनी ए म्हणजे पहिला नंबर, चांगलाच असणार, म्हणून ए वर खूण केली. नंतर ते अंथरुणाला खिळले आणि काकूंना प्रत्येक वेळी पावती घरी नेऊन त्यांची सही घ्यावी लागायची. हात थरथरत असल्यामुळे सही जुळायची नाही. तीन खेपा झाल्या त्यांच्या.

मिलिंद_पुणे
नॉमिनीचं चुकलं माझं, धन्यवाद काका. मग आता चार जणांची नावं देता येतात म्हणतात, ते काय?

निवृत्त_कॅशियर
हो, बँकेतल्या ठेवींना १ नोव्हेंबर २०२५ पासून. चौघांना टक्केवारी देऊन एकदम, किंवा एकामागून एक अशा क्रमाने. टक्के दिलेत तर बेरीज शंभर भरली पाहिजे. माझ्या शेजाऱ्यांनी तीन मुलांना ३३-३३-३३ लिहिलं. एक टक्का कोणाचा, म्हणून फॉर्म परत आला.

कुंदाताई
आले परत. काका, आमचे सासरे ८१ चे, सासूबाई ७६. पावत्या जुन्या आहेत, ती संमती दिलेली नसणार. आता गेली का संधी?

निवृत्त_कॅशियर
नाही ताई, दोघंही आहेत तोवर देता येते. ठेव चालू असतानाही संमती घ्यायची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेली आहे. दोघांनी एका अर्जावर सह्या करायच्या, पावतीचा क्रमांक लिहायचा आणि आपल्या प्रतीवर शाखेचा पोच शिक्का घ्यायचा. शिक्का न घेता उठू नका. सही येत नसेल, अंगठा असेल तर आधी शाखेत विचारा, साक्षीदार लागतील.

कुंदाताई
सासरे अंगठाच देतात, पक्षाघातानंतर. सोमवारी रिक्षा सांगते. पाच पावत्या आहेत, अर्ज पाच करू का एक?

अनघा (पोस्टवाली)
पाच क्रमांक एका अर्जावर लिहिले तरी चालावं, पण प्रत्येक पावतीची झेरॉक्स जोडा.

निवृत्त_कॅशियर
मी असतो तर पाच वेगळे घेतले असते. फायलीत एक पावती एका जागी लागते, मग अर्ज शोधायला कोणी बसत नाही.

बेळगावकर
आणि ठेव आपोआप पुढच्या मुदतीला गेली तर जुनी संमती चालते का पुन्हा द्यायची? आईची मार्चमध्ये अशीच पुढे गेली.