अनुभव धागा : धनादेशावरची अक्षरी रक्कम आणि आपली एकोणसत्तर

पाचपाखाडीचा खजिनदार

आमच्या सोसायटीच्या रंगकामाचा शेवटचा हप्ता ६९,७५० रुपयांचा होता. सचिवांनी रक्कम मोठ्याने सांगितली, ‘एकोणसत्तर हजार साडेसातशे’, आणि मी चेक लिहिला. आकडा बरोबर पडला. अक्षरांत मात्र ‘सेव्हंटी नाइन थाउजंड सेव्हन हंड्रेड फिफ्टी ओन्ली’ असे लिहून बसलो. दोन्ही सह्या झाल्या, चेक गेला आणि आकडी व अक्षरी रक्कम जुळत नाही, असा शेरा घेऊन चौथ्या दिवशी परत आला. कानाने ‘सत्तर’ ऐकले आणि हाताने सेव्हंटी लिहिले, एवढीच ती गोष्ट. मराठीतून ऐकून इंग्रजीत लिहिताना आपले असे कोठे कोठे चुकले, ते कृपया सविस्तर लिहावे.

ऐरोलीकर

यात घाबरण्यासारखे काही नव्हते. कायद्याने अक्षरी रक्कमच ग्राह्य धरली जाते, तेव्हा बँकेने चेक परत करायलाच नको होता. आपण भांडायला हवे होते.

वाशीतील निवृत्त बँक कर्मचारी

ऐरोलीकरांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १८ तसेच सांगते; पण त्याप्रमाणे गेले असते तर खजिनदारांच्या चेकची रक्कम ७९,७५० झाली असती, म्हणजे रंगाऱ्याला दहा हजार जास्त. अशा वेळी बँक सहसा कायद्याचा कीस काढत बसत नाही, चेक परत पाठवते, आणि खातेदाराच्या दृष्टीने तेच बरे.

माझ्या टेबलावर येणाऱ्या अशा चुका बहुधा ‘एकोण’च्याच असत. मराठीत एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी, त्यामुळे शब्दात पुढचा दशक ऐकू येतो आणि इंग्रजीत मात्र मागचा दशक लिहायचा असतो : फिफ्टी नाइन. नव्याण्णवला कोणी चुकलेले आठवत नाही, कारण तिथे नव्वदच्या पुढचे नऊ सरळ ऐकू येतात. मी काउंटरवर एकच सांगत असे, की आधी चौकटीत आकडा लिहा, मग मराठी शब्द विसरून त्या आकड्याकडे पाहत अक्षरे लिहा. ऐकलेले थेट अक्षरांत उतरवू नका.

कोपरखैरणे, किराणा दुकान

माझा घोळ पावणे-साडेचा. व्यापारी फोनवर ‘पावणेतीन हजार’ म्हणाले, मी टू थाउजंड सेव्हन हंड्रेड फिफ्टी लिहिले, ते बरोबरच होते. पुढच्या खेपेला ‘पावणेदोन लाख’ आले आणि तोच साचा मनात धरून मी वन लाख सेव्हन हंड्रेड फिफ्टी लिहिले. पाऊण हजाराचा की पाऊण लाखाचा, हे पाहायचे राहून गेले. तिथे वन लाख सेव्हंटी फाइव्ह थाउजंड हवे होते. मी चूक खोडून वर सही केली, तरी चेक परत आला.

घोडबंदर रोड

माझ्या चेकवर आडनावाचे स्पेलिंग चुकले होते, त्याचे काय करावे?

वाशीतील निवृत्त बँक कर्मचारी

घोडबंदरच्या ताईंनी नवा चेक मागून घ्यावा. विषय मात्र रकमेचा आहे. दुकानदार दादांना सांगतो, की चेकची प्रतिमा पाठवून जे क्लिअरिंग होते, त्यात तारखेच्या मुदतवाढीखेरीज कोणतीही खाडाखोड चालत नाही, मग शेजारी सही असो वा नसो. चेक रद्द करून नवा लिहिणे, हाच उपाय.

कळव्यातील शिक्षिका

स्पेलिंगविषयी थोडे. फोरमधला यू फोर्टीनमध्ये राहतो आणि फॉर्टीमध्ये गळतो. नाइनमधला ई मात्र नाइन्टीत टिकून राहतो. मुलांपेक्षा पालकच यात जास्त चुकतात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘साठ नऊ’ अशा धर्तीचे वाचन आणले, तेव्हा मीही नाक मुरडले होते. खजिनदारांची कथा वाचून वाटते, की निदान चेक लिहिताना तरी मनात तसे म्हणावे.

ऐरोलीकर

यू जास्त पडला म्हणून माझा चेक कधी परत आला नाही.

वाशीतील निवृत्त बँक कर्मचारी

रक्कम निःसंशय कळत असेल तर मीही सोडत असे. माझे साहेब सोडत नसत.

नौपाडा

एवढी यातायात कशासाठी? चेक मराठीत लिहिण्याची मुभा आहेच. मी वीजबिलाचा चेक वर्षानुवर्षे ‘एकोणपन्नासशे फक्त’ असाच लिहिला आहे.

पाचपाखाडीचा खजिनदार

मुभा आहे हे ठाऊक आहे, पण आमचा रंगारी सुरतचा आहे आणि चेक हाती पडल्यावर त्याला तो वाचता आला पाहिजे. नवा चेक काल दिला. सचिवांना आकडा कागदावर लिहून द्यायला सांगितले, तर ते रुसले आहेत.