मदत हवी आहे: स्पेनमधल्या विद्यापीठाचं ग्रंथालय – ई-पुस्तक सापडेना, रिझर्व्ह होईना, रिन्यूही होईना

रेवा_सातारकर

नमस्कार मंडळी. सप्टेंबरपासून स्पेनमध्ये सिव्हिलचं मास्टर्स करतेय. आरसीसीच्या विषयाला (इथे त्याला hormigón armado म्हणतात) एक जाडजूड पाठ्यपुस्तक लावलंय. ते ग्रंथालयातून सात दिवसांसाठी आणलं. परत करायची तारीख गुरुवार, परीक्षा पुढच्या मंगळवारी.

कॅटलॉगमध्ये Mi cuenta, मग Préstamos असं गेलं की माझी तिन्ही पुस्तकं दिसतात. दोन पुस्तकांपुढे Renovar आहे, नेमकं ह्याच्यापुढे नाही. म्हटलं, दुसरी प्रत रिझर्व्ह करून ठेवू, तर तिथेही बटण नाही. ई-पुस्तक असेल म्हणून मागच्या कव्हरवरचा आयएसबीएन टाकून पाहिला, तर हीच छापील प्रत पुन्हा समोर. गूगलवरून ई-पुस्तकाचं पान मिळालं, पण ते पैसे मागतंय. नक्की कुठे चुकतंय?

निनाद७

सोपं आहे. गुरुवारी परत कर आणि तिथेच उभं राहून पुन्हा स्वतःच्या नावावर घे. आम्ही कॉलेजात हेच करायचो.

मीठभाकर

निनाद, कोणी मागणी नोंदवलेली नसेल तर तुमची युक्ती चालते. पण मला वाटतं इथे नोंदवलेली आहे. तीन पुस्तकांपैकी एकाच पुस्तकाचं Renovar गायब झालं की बहुतेक वेळा कारण हेच असतं. अशी प्रत काउंटरवर स्कॅन केली की रांगेतल्या माणसाच्या नावाने बाजूला जाते, आणि रेवा रिकाम्या हाताने परत.

मी स्पेनमध्ये शिकत असताना दोन वर्षं ग्रंथालयाच्या काउंटरवर अर्धवेळ काम केलंय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते. कॅटलॉगचं नाव प्रत्येक विद्यापीठात वेगळं असतं (कोम्प्लुतेन्सेचा Cisne, सेव्हियाचा Fama), पण आतला कारभार बराचसा सारखाच.

आधी रिझर्व्ह. वर उजवीकडे Iniciar sesión केलं होतंस का? ते केल्याशिवाय बऱ्याच ठिकाणी मागणीचं बटण दिसतच नाही. लॉगिन करून पुस्तकाच्या नोंदीत खाली जा आणि एकेक प्रत नीट वाच. कुठल्या कॅम्पसवर आहे, Disponible म्हणजे मोकळी आहे की Prestado म्हणजे कोणी नेलेली, सगळं तिथे लिहिलेलं असतं. Excluido de préstamo असेल तर ती प्रत तिथेच बसून वाचायची. काही विद्यापीठांत एक जरी प्रत मोकळी असली तरी रिझर्व्ह करू देत नाहीत, जाऊन घ्या म्हणतात. बटण नसण्याचं हेही कारण असू शकतं.

आता ई-पुस्तक. आयएसबीएनने शोधलंस तिथेच गाडी अडली. छापील पुस्तकाचा आयएसबीएन वेगळा आणि ई-पुस्तकाचा वेगळा. मागच्या कव्हरवरचा नंबर छापील प्रतीचा, म्हणून तीच पुढे आली. नावातले दोन-तीन ठळक शब्द आणि लेखकाचं पहिलं आडनाव एवढंच टाक. इथे आडनावं दोन असतात आणि मुख्य मानायचं ते आधीचं. गार्सिया मार्केस ‘गार्सिया’खाली सापडतात, ‘मार्केस’खाली नाही. ई-पुस्तकाच्या नोंदी पुरवठादाराकडून येतात आणि कधी अर्धवट असतात, दुसरं आडनाव गाळलेलं असू शकतं. शोध झाला की बाजूच्या गाळणीत Disponible en línea, म्हणजे ऑनलाइन उपलब्ध, किंवा त्या अर्थाचं जे असेल ते निवड.

प्रभाकर_द

स्पॅनिश पुस्तकांसाठी दिल्लीच्या इन्स्टिट्यूटो सेर्व्हांतेसचं सभासदत्व घ्यावे. त्यांचे इलेक्ट्रॉनिक ग्रंथालय उत्तम आहे. मी निवृत्तीनंतर त्यावरच कादंबऱ्या वाचतो.

रेवा_सातारकर

काका, धन्यवाद, पण मला कादंबरी नको, बीमचं डिझाइन हवंय 😅

मीठभाकर ताई, लॉगिन केलं. चार प्रती आहेत: एक माझ्याकडे, एक दुसऱ्या कोणाकडे, एक बसून वाचायची आणि चौथी शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या कॅम्पसवर Disponible! ही मला आधी दिसलीच नव्हती, कारण यादीत आमच्याच कॅम्पसचं नाव उघडं होतं आणि बाकीची घडी करून ठेवलेली.

आणि ई-पुस्तक सापडलं! लेखकाचं दुसरं आडनाव खरंच नव्हतं. पण ही दुसरी आवृत्ती आहे, सरांनी तिसरी लावलीय.

मीठभाकर

मग दोन्ही वापर. दुसरी आवृत्ती उघडून अनुक्रमणिका छापील पुस्तकाशी ताडून बघ. बांधकामाच्या पुस्तकात आवृत्ती बदलते ती पुष्कळदा नियमावली बदलली म्हणून. स्पेनमध्ये २०२१ साली EHE-08 जाऊन Código Estructural आलं. तुझी दुसरी आवृत्ती त्याआधीची असेल तर मूळ सिद्धांताला चालेल, पण नियमावलीतली कलमं आणि सूत्रं तिच्यातून उचलू नकोस.

आणखी एक. ई-पुस्तक कॅटलॉगमधल्या दुव्यावरूनच उघड. तो दुवा विद्यापीठाच्या लॉगिनमधून जातो, म्हणून पैसे मागत नाही. गूगलवरून थेट गेलीस तर त्या संकेतस्थळाला तू कुठली हे कळत नाही, ते तुला गिऱ्हाईक समजतं.

निनाद७

ई-पुस्तक म्हणजे अमर्याद ना? रिझर्व्ह-रिन्यूची भानगडच नको.

मीठभाकर

तसंही नाही. काही ई-पुस्तकं एका वेळी एकाच वाचकाला उघडतात. परीक्षेच्या आदल्या रात्री हमखास कोणीतरी आत बसलेलं असतं. अख्खं पुस्तक उतरवून घेतलं तर तेही ठरावीक दिवसांनी आपोआप बंद पडतं. प्रकरणाचं पीडीएफ मिळत असेल तर लागेल तेवढं आजच उतरवून ठेव.

घाटावरचा_गणू

रिन्यूबद्दल एक. मी बार्सिलोनात असताना तारखेच्या चार दिवस आधी उत्साहात रिन्यू केलं. नवी मुदत बटण दाबलं त्या दिवसापासून मोजली, म्हणजे हातातले चार दिवस गेले. तेव्हापासून शेवटच्या दिवशीच करतो.

मीठभाकर

आमच्याकडे जुन्या तारखेपासून मोजायचे. ग्रंथालयागणिक फरक आहे, त्यामुळे दाबल्यावर पडद्यावर कोणती तारीख आली ती वाचायची. शेवटच्या दिवसापर्यंत थांबण्यातही धोका आहे, मध्येच कोणी मागणी नोंदवली तर बटण जातं. आणि उशीर झाला की बऱ्याच ठिकाणी पैसे घेत नाहीत, sanción लावतात. तितके दिवस नवीन पुस्तक नाही, रिन्यूही नाही. म्हणून रेवा, गुरुवारी पुस्तक दे म्हणजे दे.

रेवा_सातारकर

दिलं, गुरुवारी सकाळीच. काउंटरवरच्या बाईंनी स्कॅन केलं, आतून चिठ्ठी निघाली आणि पुस्तक मागच्या फळीवर गेलं. मागणी होतीच!

दुसऱ्या कॅम्पसवरच्या प्रतीसाठी दोन बस बदलून गेले. रॅकवर signatura, म्हणजे पुस्तकाच्या पाठीवरचा क्रमांक, जुळवत अर्धा तास फिरले, पुस्तक नाही. पडद्यावर अजून Disponible. कोणीतरी वाचून टेबलावर सोडलं असेल, असं तिथला मुलगा म्हणाला. मी नाव आणि मेल देऊन आलेय. तोवर ई-पुस्तकातली चौथं ते सातवं प्रकरणं उतरवलीत.

अशी ‘आहे पण नाही’ प्रत सापडायला किती दिवस लागतात, कोणाला अनुभव?

घाटावरचा_गणू

मला एकदा दुसऱ्याच दिवशी मेल आला होता. एकदा आलाच नाही.