फरक चौकटीत नाही, आतल्या मजकुरात

“गल्ल्यावरचा कायमचा यूपीआय स्टिकर आणि बिलागणिक बनणारा कोड, दोन्ही क्यूआर दिसायला सारखेच, मग वेगळं काय?”

गल्ल्यावरचा स्टिकर साध्या स्कॅनरने वाचून बघा. साधारण एवढंच निघतं:

```
upi://pay?pa=dukan@bank&pn=Dukan
```

म्हणजे फक्त पत्ता आणि नाव. बिलागणिक बनणाऱ्या कोडात यापुढे `am=347.00` आणि `tr=B1082` असंही असतं: रक्कम आणि त्या बिलाचा संदर्भ क्रमांक.

आमच्या किराणा दुकानात स्टिकरच होता तेव्हा गर्दीत एकाने 347 ऐवजी 34 टाकले, ते रात्री हिशेब जुळवताना सापडलं. 120 रुपये दोनदा आले की कुणाचं बिल कुठलं, तेही कळेना. आता बिलागणिक कोड असल्याने पैसे जमा होताच `tr` वरून तेच बिल ‘भरलं’ दिसतं. मात्र बिलाच्या यंत्राचं नेट गेलं की ही जुळणी थांबते, म्हणून स्टिकर अजून काढलेला नाही.