मदत हवी आहे: डोपामिनच्या एकाच गणिताची तीन उत्तरं

हॉस्टेल_खोली_सात
नमस्कार मंडळी. जीएनएम दुसरं वर्ष. सोमवारी चाचणी आहे आणि आमच्या खोलीत एका गणितावरून जुंपली आहे.

रुग्णाचं वजन ६० किलो. ऑर्डर: डोपामिन ५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. अँप्युल ५ एमएलचं, त्यात २०० मिलिग्रॅम. ते एनएसमध्ये मिसळून ५० एमएलची सिरिंज भरायची. पंपावर एमएल प्रति तास किती लावायचं?

मला ४.५ येतं. मैत्रिणीला ०.०७५ येतं आणि तिची आकडेमोड तपासली तर कुठे चूक दिसत नाही. एका सिनियरच्या वहीतला शॉर्टकट वापरला की ५ येतं. बरोबर कोणतं, आणि ते ओळखायचं कसं?

थेंब_थेंब
एवढं काय त्यात? एकूण एमएल गुणिले सेटचे थेंब, भागिले मिनिटं. ५०० एमएल आरएल ४ तासांत द्यायचं, सेट २० थेंबांचा: १०,००० भागिले २४०, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. सगळी गणितं अशीच सुटतात.

हॉस्टेल_खोली_सात
सर, पण यात किती वेळात संपवायचं ते दिलेलंच नाही. डोस दिलाय आणि पंपाचा वेग शोधायचाय.

आयसीयू_रात्रपाळी
तुझं ४.५ बरोबर आहे. मैत्रिणीची आकडेमोडही बरोबर आहे, फक्त ती एक पायरी आधी थांबली.

आधी रुग्णाला काय लागतं ते बघ, सिरिंजकडे वळूच नकोस. ५ गुणिले ६०, म्हणजे मिनिटाला ३०० मायक्रोग्रॅम. पंप तासाची भाषा बोलतो, म्हणून ३०० गुणिले ६०, तासाला १८,००० मायक्रोग्रॅम. आता सिरिंज. २०० मिलिग्रॅम ५० एमएलमध्ये, म्हणजे एका एमएलमध्ये ४ मिलिग्रॅम. वरचा आकडा मायक्रोग्रॅममध्ये आहे, तेव्हा हाही तसाच करून घे: ४,०००. १८,००० भागिले ४,००० बरोबर ४.५ एमएल प्रति तास.

मैत्रिणीने ३०० ला ४,००० ने भागलं. आलेलं ०.०७५ हे एमएल प्रति मिनिट आहे. तिने आकड्यासमोर एकक लिहिलं असतं तर तिथेच दिसलं असतं. या गणितात ६० दोनदा येतो, एकदा वजन म्हणून आणि एकदा मिनिटं म्हणून. त्यामुळे 'साठने तर गुणलंय की' असं वाटून जातं. परीक्षक मुद्दाम ६० किलोचा रुग्ण देतात की काय कोण जाणे. सराव ७० किलोवर करा.

उत्तर आलं की एक प्रश्न विचारायचा: ही सिरिंज किती वेळ पुरेल? ४.५ ने ५० एमएल साधारण ११ तास. एका पाळीत एक सिरिंज संपत आली, हे वॉर्डात दिसतं तसंच आहे. ०.०७५ ने तीच सिरिंज ६६६ तास चालेल, म्हणजे जवळजवळ चार आठवडे. बीपी पडलेल्या माणसाला कोणी असं डोपामिन देत नाही. आणि हजाराच्या रूपांतरात गोंधळ होऊन उत्तर ४,५०० आलं, तर सिरिंज ४० सेकंदांत रिकामी होईल.

शॉर्टकट_भाऊ
सिनियरच्या वहीतला शॉर्टकट चुकीचा नाही हो. वजन गुणिले ३, तेवढे मिलिग्रॅम ५० एमएलमध्ये. मग १ एमएल प्रति तास म्हणजे १ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. ५ चा डोस, ५ चा वेग. आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच चाललंय, कॅल्क्युलेटर लागत नाही.

आयसीयू_रात्रपाळी
भाऊ, नियम खरा आहे, पण त्याची अट तुम्ही खाल्लीत. ६० किलोला ३ पट म्हणजे १८० मिलिग्रॅम. वरच्या गणितात अख्खं अँप्युल घातलंय, २०० मिलिग्रॅम. त्या सिरिंजवर ५ लावलं तर रुग्णाला ५ नाही, साडेपाचच्या वर जाईल. तुमचा शॉर्टकट वापरायचा तर अँप्युलमधून ४.५ एमएलच काढायचं आणि एनएसने ५० पर्यंत भरायचं. (हे ४.५ आणि वेगाचं ४.५ सारखं आलं हा योगायोग. वहीत शेजारी शेजारी लिहू नका.)

शिवाय यात प्रत्येक रुग्णाची सिरिंज वेगळ्या ताकदीची होते. पाळी बदलली, पुढच्या सिस्टरने सवयीने अख्खं अँप्युल भरलं आणि वेग तोच ठेवला, की डोस गुपचूप बदलला. म्हणून हल्ली ठरलेल्या ताकदीची सिरिंज आणि बदलता वेग हेच बरं मानतात.

पीएचसी_ताई
पंप आहे तिथलं झालं. आमच्याकडे रेफर करेपर्यंत बाटलीतूनच चालवावं लागतं. २०० मिलिग्रॅम ५०० एमएल एनएसमध्ये, हाच रुग्ण, हाच डोस. मी मायक्रो सेटवर ४५ थेंब धरते. बरोबर ना?

आयसीयू_रात्रपाळी
बरोबर. तिथे एका एमएलमध्ये ४०० मायक्रोग्रॅम, म्हणून १८,००० भागिले ४००, तासाला ४५ एमएल. मायक्रो सेटचे ६० थेंब म्हणजे १ एमएल आणि तासाची मिनिटंही ६०, म्हणून एमएल प्रति तास हेच थेंब प्रति मिनिट होतात. पण ही सोय त्याच सेटपुरती. २० थेंबांच्या सेटवर तेच ४५ एमएल म्हणजे मिनिटाला १५ थेंब. तिथे चुकून ४५ थेंब सोडले तर डोस तिप्पट. सेटच्या पाकिटावर आकडा छापलेला असतो, तो वाचल्याशिवाय पाकीट फेकायचं नाही. आणि रुग्णाने हात वाकवला, बाटली खाली-वर झाली की थेंब बदलतात, तेव्हा मोजत राहावं लागतं.

रेडकॅप
विषय थोडा वेगळा, पण माझा गोंधळ असाच आहे. इन्सुलिन ५० युनिट ५० एमएलमध्ये करायचं होतं. कोणी म्हणतं अर्धा एमएल काढ, कोणी सव्वा.

पीएचसी_ताई
व्हायल कोणती ते आधी बघ गं. ४० युनिटवाल्या व्हायलमधून ५० युनिट म्हणजे सव्वा एमएल, १०० वाल्यातून अर्धा. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, केशरी टोपीची १०० साठी. अदलाबदल करू नकोस.

हॉस्टेल_खोली_सात
खूप आभार. मैत्रिणीला पटलं, तिने ७० किलोचं करून पाहिलं, ५.२५ आलं.

एकच राहिलं. वॉर्डात पाहिलं तर स्टाफ ५० एमएल एनएस भरून त्यात ५ एमएलचं अँप्युल मिसळतात. मग ५५ होत नाही का?

आयसीयू_रात्रपाळी
होतं. मग एका एमएलमध्ये ४,००० ऐवजी साधारण ३,६३६ मायक्रोग्रॅम येतात आणि ४.५ च्या वेगाला रुग्णाला ५ च्या जागी साडेचार मिळतो. सिरिंजसाठी ४५ एनएस आणि ५ औषध, यात वाद नको. परीक्षेतही तसंच लिही.

पीएचसी_ताई
आणि ५०० च्या बाटलीत? आमचे डॉक्टर म्हणतात आधी ५ एमएल काढून टाका. मी काढत नाही, एका टक्क्यासाठी सुई आणखी एकदा कशाला टोचायची?

शॉर्टकट_भाऊ
आमच्या इन्चार्ज काढायलाच लावतात.

आयसीयू_रात्रपाळी
५०० मध्ये ५ ने मी अडणार नाही, बाटलीतही कधी लेबलपेक्षा थोडं जास्तच असतं. पण १०० एमएलच्या बाटलीत १० एमएल औषध घालायचं असेल तर काढेन. मधली रेघ कुठे मारायची ते प्रत्येक ठिकाणी वेगळं ठरलेलं पाहिलंय, तेव्हा तुमच्या युनिटमध्ये जे लिहून ठेवलंय ते धरा आणि लेबलवर एकूण एमएल खरे लिहा.

थेंब_थेंब
मी अजून म्हणतो, माझं सूत्र चालतं. ४५ एमएल, २० थेंब, ६० मिनिटं. आले ना १५?

हॉस्टेल_खोली_सात
आले सर, पण ते ४५ आधी कुठून आणायचे?